निमुळत्या सळईचं वजन

बांधकामाच्या साइटवर सळईचं वजन काढायला सगळे एकच सूत्र वापरतात: डी स्क्वेअर बाय १६२. व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, १६२ ने भागायचं, की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ मिमीची सळई मीटरला ०.८९ किलो भरते.

आता सळई निमुळती असेल तर? समजा ती २ मीटर लांब आहे. एका टोकाला व्यास १० मिमी, दुसऱ्या टोकाला २० मिमी, आणि मध्ये तो सारखा वाढत गेलेला. बारीक टोकाशी मीटरमागे वजन ०.६२ किलो, जाड टोकाशी २.४७. बरेच जण या दोन आकड्यांची सरासरी काढून २ ने गुणतात आणि ३.०९ किलो सांगतात. हे जास्त आहे. व्यास सरळ रेषेत वाढतो, वजन मात्र व्यासाच्या वर्गाने, त्यामुळे बराचसा भार जाड टोकाकडे जातो आणि मधला भाग टोकांच्या सरासरीपेक्षा हलका राहतो.

मधला १५ मिमी व्यास धरून अख्ख्या सळईचं वजन काढलं तर २.७८ येतं, म्हणजे थोडं कमी. सळईचे मनातल्या मनात दोन तुकडे करून प्रत्येकाचा मधला व्यास घेतला तर २.८५. चार तुकडे केले तर २.८७. तुकडे बारीक करत गेलं की बेरीज २.८८ किलोवर स्थिरावते. संकलन, म्हणजे शाळा-कॉलेजातलं इंटिग्रेशन, हीच बेरीज एका फटक्यात करतं. बारीक टोकापासून x मीटरवर व्यास १०+५x, म्हणून

m = (२०³ − १०³) ÷ (३ × ५ × १६२) = २.८८

उत्तर बरोबर आहे का, हे एककांवरून तपासता येतं. त्यासाठी आधी १६२ कडे नीट बघायला हवं. हा आकडा पोलादाच्या घनतेतून, ७८५० किलो प्रति घनमीटरमधून, येतो. म्हणून तो नुसता आकडा नाही, त्याचं एकक ‘मिमी² × मीटर ÷ किलो’ असं आहे. तसंच ५ हे ‘मिमी प्रति मीटर’ आहे. वर मिमी³, खाली या दोघांचा गुणाकार, म्हणजे मिमी³ ÷ किलो. भागाकार केला की उरतो फक्त किलो.

घाईत ५ ने भागायचं राहिलं तर १४.४ येतं, पण एकक ‘किलो × मिमी ÷ मीटर’ असं विचित्र निघतं. चूक तिथेच पकडली जाते. ३ ने भागायचं राहिलं तर मात्र एककं काहीच बोलत नाहीत, कारण ३ ला एककच नाही, उत्तर ८.६४ किलो, दिसायला अगदी सभ्य. तिथे दुसरी कसोटी लावावी लागते. सगळी सळई बारीक टोकाइतकी असती तर वजन १.२३ किलो झालं असतं, सगळी जाड असती तर ४.९४. खरं वजन या दोहोंच्या मध्येच असणार, आणि ८.६४ त्यात बसत नाही.