आलेख अखंड, मग श्रेणी का फुटते?

भूमितीय श्रेणीचं सूत्र कॉलेजात अनेकांनी घोकलेलं असतं: 1/(1 − r) = 1 + r + r² + r³ + … अट एकच, r हा −१ आणि १ यांच्या मधला हवा.

आता 1/(1 + x²) हे फलन घ्या. r च्या जागी −x² ठेवलं की 1 − x² + x⁴ − x⁶ + … ही घातश्रेणी हातात येते. x = ०.५ ठेवून पाहू. खरी किंमत ०.८. श्रेणीच्या बेरजा १, ०.७५, ०.८१२५, ०.७९६९ अशा कधी वर, कधी खाली होत ०.८ कडे सरकतात. x = २ ला मात्र खरी किंमत ०.२ असताना बेरजा १, −३, १३, −५१ अशा उधळतात.

गंमत अशी, की या फलनाचा आलेख कुठेच तुटत नाही. मग १ च्या पलीकडे बिघडतं काय? छेद शून्य होतो तो i आणि −i या काल्पनिक संख्यांपाशी. संमिश्र प्रतलावर दोन्ही शून्यापासून बरोबर १ अंतरावर आहेत, आणि श्रेणी त्यांना ओलांडू शकत नाही.

केंद्र शून्याऐवजी १ वर नेलं, म्हणजे (x − १) च्या घातांत विस्तार केला, तर i पर्यंतचं अंतर √2, सुमारे १.४१४ होतं. ही नवी श्रेणी x = २ ला व्यवस्थित ०.२ देते.

तेव्हा परिमेय फलनाचा विस्तार करण्याआधी अंश-छेदातले समान अवयव काढून टाका आणि छेदाची सर्वांत जवळची शून्यं शोधा, काल्पनिक असली तरी.