श्रवणयंत्र हवंय? आधी टक्केवारीचं गणित समजून घ्या

घरात कुणाला खूपच कमी ऐकू येत असेल, तर आजचा भाग त्यांना वाचायला द्या.

सुरुवात swavlambancard.gov.in वरून करायची. आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा अपलोड करून अर्ज भरा, सरकारी रुग्णालय निवडा. तिथे ऑडिओमेट्री, म्हणजे कानांची तपासणी होते आणि कोणता कान किती टक्के गेलाय ते कळतं.

खरी गोम इथे आहे. दोन्ही कानांची साधी सरासरी काढत नाहीत. जो कान त्यातल्या त्यात बरा, त्याला पाचपट वजन:

(बरा कान × ५ + वाईट कान) ÷ ६

समजा, एक कान १०० टक्के गेलाय आणि दुसरा ठणठणीत, म्हणजे ०. उत्तर येतं जेमतेम १७. योजनेसाठी किमान ४० लागतात, त्यामुळे इथेच अडतं. पण बरा कान ५५ आणि वाईट ८५ टक्के गेला असेल, तर २७५ अधिक ८५ भागिले ६, म्हणजे ६०. जमलं!

प्रमाणपत्र आलं की केंद्राची 'एडिप' योजना. महिन्याचं उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर यंत्र मोफत, ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढा. त्यावर वर्षाचा आकडा असतो, तो १२ ने भागून बघा.

यंत्र मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत किंवा एडिपच्या शिबिरात मिळतं. गेल्या तीन वर्षांत सरकारी यंत्र घेतलं असेल, तर मात्र थांबावं लागतं.