क्रिएटिनिन झपाट्याने वाढतं तेव्हा

समजा, साठीतल्या एका गृहस्थांना महिनाभर थकवा आहे, सांधे दुखतात, अधूनमधून ताप येतो. मग लघवी कोऱ्या चहासारखी गडद होऊ लागते. तपासणीत तांबड्या पेशी आणि प्रथिनं सापडतात. युरिन इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक सुरू होतं. त्या दिवशी रक्तातलं क्रिएटिनिन १.४ असतं, दहा दिवसांनी २.८ आणि पुढच्या आठवड्यात ४.६. युरिन कल्चरमध्ये मात्र जंतू सापडतच नाहीत.

इथे आकड्यापेक्षा त्याचा वेग महत्त्वाचा. मूत्रपिंडात रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे सूक्ष्म गुच्छ असतात. ते सुजून फाटले की भोवती पेशी जमतात आणि बायोप्सीत चंद्रकोरीसारख्या दिसतात. सुरुवातीला ही सूज औषधांनी ओसरू शकते. पण काही दिवस-आठवड्यांत तिथे व्रण तयार होतो आणि तो गुच्छ कायमचा निकामी होतो. व्रणावर औषध नाही, म्हणून घाई.

या हल्ल्यामागे बहुधा शरीराचीच प्रतिकारशक्ती असते. एएनसीए व्हॅस्क्युलायटिसमध्ये प्रतिपिंडं स्वतःच्याच पांढऱ्या पेशींना चिथावतात आणि त्या बारीक रक्तवाहिन्यांवर तुटून पडतात. सायनस, कान, फुप्फुसं, नसा यांनाही झळ बसते. त्याहून दुर्मीळ अँटी-जीबीएम आजारात प्रतिपिंडं थेट गाळणीच्या पडद्यातल्या कोलॅजेनवर चाल करतात. तेच कोलॅजेन फुप्फुसातही असल्याने खोकल्यातून रक्त पडू शकतं. विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत.

आपल्या गृहस्थांच्या रक्तात दोन्ही प्रतिपिंडं तपासायला हवीत, कारण काही रुग्णांत ती एकत्र आढळतात. शक्य तितक्या लवकर बायोप्सीही हवी. मात्र संशय दाट असेल तर अहवालांसाठी उपचार थांबवत नाहीत. शिरेतून स्टेरॉइडचे मोठे डोस, जोडीला सायक्लोफॉस्फमाइड किंवा रिटुक्सिमॅब दिलं जातं. अँटी-जीबीएममध्ये प्लाझ्मा बदलून प्रतिपिंडं काढून टाकणंही सहसा लागतं. एएनसीएच्या प्रत्येक रुग्णाला त्याची गरज नसते. या औषधांनी प्रतिकारशक्ती दबते, म्हणून जंतुसंसर्गावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. अँटी-जीबीएम सहसा उलटत नाही. एएनसीए मात्र उलटू शकतो, म्हणून पुढेही दीर्घकाळ औषधं चालतात.

उशिराची किंमत लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयाने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अँटी-जीबीएम रुग्णांच्या अभ्यासात दिसते. उपचार सुरू होताना क्रिएटिनिन सुमारे ५.७ च्या खाली असलेल्यांपैकी ९५ टक्के जणांची मूत्रपिंडं वर्षानंतरही काम करत होती. तातडीने डायलिसिस लागण्याच्या अवस्थेत पोचलेल्यांत हे प्रमाण अवघं ८ टक्के होतं. उपचार दोन्ही गटांना तेच मिळाले होते.

लघवीत रक्त आणि प्रथिनं, कल्चर निर्जंतुक आणि क्रिएटिनिन चढतं, असं दिसलं तर अँटिबायोटिकचा दुसरा कोर्स संपण्याची वाट पाहू नका. जुने-नवे सगळे रिपोर्ट घेऊन त्याच दिवशी मूत्रपिंडतज्ज्ञांना गाठा.