स्टॉल घ्यायचा, की नुसतं फिरून यायचं?

औद्योगिक प्रदर्शनाच्या आयोजकांचा फोन आला की पहिल्यांदा गर्दीचा आकडा कानावर पडतो. मागच्या खेपेला इतके हजार लोक आले, यंदा त्याच्या दीडपट येतील, कॉर्नरचा एकच स्टॉल उरलाय. लहान कारखानदार इथेच भुलतो. गर्दी किती, यापेक्षा त्या गर्दीत आपलं गिऱ्हाईक किती, हे महत्त्वाचं. आणि त्याचा अंदाज पैसे भरण्याआधी घरबसल्या बांधता येतो.

समजा, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत तुमचं वर्कशॉप आहे. पंप आणि व्हॉल्व्हच्या बॉडीचं कास्टिंग आणायचं, मशिनिंग करून कंपन्यांना पुरवायचं, हा धंदा. पुण्यातल्या प्रदर्शनात तीन बाय तीन मीटरचा स्टॉल, दर चौरस मीटरला दहा हजार, म्हणजे नव्वद हजार रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी. तो पुढे वळता करून घेता येतो, म्हणून सोडून देऊ. तयार स्टॉलमध्ये भिंती, नावाची पट्टी, एक टेबल, दोन-तीन खुर्च्या, दिवे आणि एखादा प्लग मिळतो. बाकी सगळं आपलं. जड नमुन्यांची ने-आण, ते ठेवायला मजबूत स्टँड, बॅनर, कॅटलॉग, दोघांचं चार दिवसांचं राहणं-जेवण आणि तेवढे दिवस मालक शॉपवर नसल्याचा फटका धरला, तर खर्च दोन लाखांवर जातो. भाड्यावर हिशेब थांबवणाऱ्याला निम्म्याहून जास्त खर्च दिसतच नाही.

आता उलट मोजा. शंभर रुपयांच्या कामात सगळं जाऊन दहा रुपये सुटत असतील, तर दोन लाख वसूल व्हायला वीस लाखांचं नवीन काम हवं. नवं गिऱ्हाईक पहिल्या वर्षी साधारण पाच लाखांचं काम देतं असं धरलं, तर चार नवी गिऱ्हाइकं झाली. तुमच्या कोटेशनची फाईल काढून बघा, किती चौकशांमागे एक ऑर्डर लागते? वीसमागे एक लागत असेल, तर चार गिऱ्हाइकांसाठी ऐंशी खऱ्या चौकशा हव्यात. खरी चौकशी म्हणजे ड्रॉइंग हातात असलेला किंवा पाठवू शकणारा माणूस, पेन ड्राइव्ह आणि पिशवी गोळा करणारा नव्हे.

तेव्हा प्रश्न एवढाच उरतो: चार दिवसांत कास्टिंग विकत घेणारी ऐंशी माणसं त्या हॉलमध्ये येतील का? डिसेंबरात मोशीला भरणाऱ्या ‘किसान’ प्रदर्शनाला शेतकऱ्यांची तोबा गर्दी होते. फवारणी पंप विकणाऱ्याला ती सोन्यासारखी, पण पंपाची बॉडी बनवणाऱ्याला तिचा उपयोग नाही. त्याचं गिऱ्हाईक त्या गर्दीत नसून शेजारच्या स्टॉलवाल्यांत आहे. त्यांना भेटायला तिकीट काढून आत गेलं की झालं. बंगळुरूच्या ‘इमटेक्स’चंही तसंच. तिथे सीएनसी आणि टूलिंग विकणारे स्टॉल लावतात, म्हणजे गिऱ्हाईक तुम्ही. मशीन घ्यायचंच ठरलं असेल, तर चार कंपन्यांची मशीनं एका छताखाली चालताना बघायला जरूर जा. नसेल घ्यायचं, तर ती सहल.

आयोजकांकडे दोन गोष्टी मागा: मागच्या वेळच्या स्टॉलधारकांची यादी आणि यंदाचा हॉलचा नकाशा. येणाऱ्यांचा आकडा कसा मोजला, तेही विचारा. एकच माणूस तीन दिवस आला की काही ठिकाणी तीन धरतात, आणि कॉलेजची बसही त्याच आकड्यात असते. ‘यूएफआय’ या जागतिक संघटनेची मान्यता असलेल्या प्रदर्शनाचे आकडे लेखापरीक्षण झालेले असतात, पण लहान प्रदर्शनांत ती क्वचितच असते. त्यापेक्षा मागच्या यादीतली, पण यंदाच्या नकाशावर नसलेली पाच नावं शोधून त्यांना फोन करा. परत का नाही आलात, एवढंच विचारा. लोक मोकळेपणाने सांगतात.

(पुरस्कार आधी जाहीर करून मग नोंदणीचे पैसे मागणाऱ्या समारंभांना मात्र फोन करण्याचीही गरज नाही.)

ऐंशीचा हिशेब जुळत नसेल, तर दुसरी वाट आहे. केंद्र सरकारच्या धोरणानुसार केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांना वार्षिक खरेदीतली किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करावी लागते. त्यासाठी एमएसएमई कार्यालयं पुरवठादार मेळावे भरवतात. तिथे माणसं थोडी असतात, पण समोर खरेदी विभागाचा अधिकारी असतो. तिथली ऑर्डर मिळायलाही वेळ लागतो. नमुना, तपासणी, मंजुरी यांत महिने जातात, म्हणून पहिल्याच तिमाहीत वसुली धरू नका.

आणि स्टॉल घ्यायचाच ठरला, तर उद्यम नोंदणी असलेल्यांनी भाड्याच्या परताव्याची सरकारी योजना त्या प्रदर्शनाला लागू आहे का, हे आगाऊ रक्कम भरण्याआधी लेखी विचारून घ्यावं. त्याच वेळी करारातलं रद्द करण्याचं कलमही वाचावं. लवकर नोंदणीची सवलत घेऊन नंतर माघार घेतली, तर बहुतेक करारांत भरलेले पैसे परत मिळत नाहीत.