विश्लेषण : परदेशातून गिफ्ट आलंय, पण कस्टममध्ये अडकलंय… या फोनमागे नक्की काय असतं?

‘मॅडम, मी दिल्ली विमानतळाच्या कस्टम विभागातून बोलतेय. लंडनहून तुमच्या नावानं पार्सल आलंय. क्लिअरन्ससाठी 35 हजार रुपये भरावे लागतील.’ अंधेरीपासून बोरीवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पोलिसांकडे येणाऱ्या ‘गिफ्ट फ्रॉड’च्या तक्रारी अशाच एखाद्या फोनपाशी येऊन थांबतात. रकमा आणि देश बदलतात, संवाद मात्र जवळपास तोच राहतो. विशेष म्हणजे मुंबईला येणाऱ्या परदेशी पार्सलांची खरी तपासणी या उपनगरांच्या अगदी जवळ होते. कुरिअरनं येणारी पार्सलं अंधेरी पूर्वेच्या सहार भागातील आंतरराष्ट्रीय कुरिअर टर्मिनलवर आणि टपालानं येणारी बॅलार्ड इस्टेटमधील विदेश डाक भवनात तपासली जातात. ती कशी होते हे कळलं की खोटा फोन ओळखणं फारसं अवघड राहत नाही.

फसवणूक सुरू कुठून होते?

फोन हा शेवटचा टप्पा असतो. त्याआधी काही आठवडे, कधी काही महिने ओळख वाढवली जाते. फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळावर विनंती येते. समोरची व्यक्ती ब्रिटनमधील डॉक्टर, वैमानिक किंवा जहाजावरचा अभियंता असल्याचं सांगते. हे व्यवसाय विचार करून निवडलेले असतात, कारण जहाजावर किंवा रात्रपाळीत असलेला माणूस व्हिडीओ कॉल टाळतो तेव्हा कुणाला संशय येत नाही.

अशा तक्रारींतला नेहमीचा क्रम एका काल्पनिक उदाहरणातून पाहू. मुलुंडमध्ये एकट्या राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेला वाढदिवसाच्या सुमारास संदेश येतो, ‘तुमच्यासाठी भेट पाठवली आहे.’ सोबत उघड्या खोक्याचा फोटो असतो. त्यात घड्याळ, हँडबॅग, दागिने, नवा फोन आणि कोपऱ्यात पौंडांच्या नोटांचं पाकीट दिसतं. कुरिअरची पावती आणि ट्रॅकिंगची लिंकही येते. लिंक उघडली की पार्सल लंडनहून निघालं, दुबईला पोहोचलं, दिल्लीत उतरलं असं रोज पुढे सरकताना दिसतं. ते संकेतस्थळ त्याच टोळीनं तयार केलेलं असतं.

तिसऱ्या दिवशी ‘कस्टम’चा फोन येतो. शुल्क 35 हजार. बाई पैसे भरतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन येतो, ‘स्कॅनिंगमध्ये परकी चलन सापडलं आहे, दंड 90 हजार.’ त्यानंतर पौंडांचे रुपये करण्यासाठी दीड लाख आणि मनी लाँडरिंगविरोधी प्रमाणपत्रासाठी आणखी दोन लाख मागितले जातात. प्रत्येक वेळी रिझर्व्ह बँकेच्या बोधचिन्हाचं पत्र येतं आणि प्रत्येक वेळी ही रक्कम शेवटची असल्याचं सांगितलं जातं. इथपर्यंतची बेरीज 4 लाख 75 हजार होते. बाई थांबायचं म्हणतात तेव्हा भाषा बदलते, ‘तुमच्या नावावर बेकायदा चलन आलंय, आता अटक होईल.’

या साखळीत पहिल्या मागणीपेक्षा दुसरी जास्त घातक असते. पहिले 35 हजार भेटीच्या आशेनं जातात. त्यापुढचे पैसे आधीचे बुडू नयेत म्हणून आणि पोलिसांच्या भीतीनं जातात. त्यामुळे अशा माणसाला हावरट म्हणून मोकळं होणं सोपं असलं तरी ते खरं नाही.

खरी पद्धत काय आहे?

परदेशातून कुरिअरनं वस्तू आली की सीमाशुल्क विभागासमोर कागदपत्रं सादर करण्याचं काम कुरिअर कंपनीचं असतं. कंपनी प्राप्तकर्त्याकडून ओळखपत्र मागते, वस्तूचं वर्णन आणि जाहीर केलेली किंमत देऊन ‘कुरिअर बिल ऑफ एंट्री’ दाखल करते. अधिकारी शुल्क ठरवतात. ते सामान्यतः कंपनी भरते आणि नंतर आपल्या बिलातून प्राप्तकर्त्याकडून वसूल करते. टपालाच्या पार्सलवर विदेश डाक भवनात शुल्क आकारलं जातं आणि वितरणाच्या वेळी टपाल खातं ते पावती देऊन घेतं. म्हणजे दोन्ही मार्गांत सामान्य माणसाचा संबंध कुरिअर कंपनीशी किंवा टपाल खात्याशी येतो. कस्टम अधिकारी मोबाइलवर फोन करून कुणाच्या बचत खात्यात पैसे मागवत नाही.

इथे एक गोंधळ मात्र खराच आहे. भेटवस्तूवर शुल्क कसलं, असं विचारून हा सगळा प्रकारच खोटा मानणंही चूक ठरेल. पूर्वी पाच हजार रुपयांपर्यंतची खरीखुरी भेट शुल्काशिवाय येत असे. तिच्या आडून परदेशी ऑनलाइन खरेदी होऊ लागली, तेव्हा डिसेंबर 2019 मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयानं ती वाट बंद केली. जीवरक्षक औषधं आणि राखी एवढे अपवाद उरले. बाकी भेटी पूर्ण शुल्क भरूनच आणता येतात. त्यामुळे न्यू जर्सीतल्या मुलीनं घाटकोपरला आईसाठी खरोखरच काही पाठवलं, तर शुल्काचा खरा संदेशही येऊ शकतो.

मग खरा आणि खोटा ओळखायचा कसा?

पहिली खूण रकमेत सापडते. खरं शुल्क वस्तूच्या किमतीच्या टक्केवारीत असतं, एकदाच ठरतं आणि कुठल्या वस्तूवर किती हे कागदावर लिहिलेलं असतं. खोटं शुल्क गोल आकड्यात येतं आणि भरलं की वाढतं. वस्तूची किंमत तीच असताना दुसऱ्या दिवशी नवा खर्च निघाला, तर तिथेच थांबावं. टोळीची मागणी वस्तूच्या किमतीवर ठरत नाही, समोरच्याच्या खात्यात किती शिल्लक आहे यावर ठरते.

दुसरी खूण पैसे कुणाच्या नावावर जातात ही. यूपीआयवर रक्कम टाकण्याआधी पडद्यावर येणारं नाव वाचावं. तिथे कुरिअर कंपनीऐवजी एखाद्या व्यक्तीचं नाव असेल तर प्रश्न मिटला. ही खाती बहुधा भाड्यानं घेतलेली असतात. थोड्या पैशांसाठी कुणीतरी आपलं पासबुक आणि एटीएम कार्ड टोळीला दिलेलं असतं.

तिसरी खूण ट्रॅकिंगची. आलेल्या लिंकवर जाऊ नये. कुरिअर कंपनीचं मूळ संकेतस्थळ स्वतः उघडून क्रमांक टाकावा. टपालाच्या आंतरराष्ट्रीय पार्सलचा क्रमांक तेरा अक्षर-अंकांचा असतो. सुरुवातीला दोन अक्षरं, मग नऊ अंक, शेवटी देशाची दोन अक्षरं, जशी ब्रिटनसाठी GB. तो भारतीय टपाल खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. ‘पार्सल दिल्लीत का?’ हा प्रश्न मात्र फारसा उपयोगी नाही, कारण खरं पार्सलही दिल्लीमार्गे येऊ शकतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘कस्टमची नोटीस’ आली असेल तर तिच्यावर डीआयएन, म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक आहे का ते पाहावं. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळानं 8 नोव्हेंबर 2019 पासून ही पद्धत आणली. वीस अक्षर-अंकांचा हा क्रमांक cbic.gov.in वर टाकला की पत्र खरं की बनावट ते कळतं. आणि पार्सलमध्ये नोटा सापडल्याची गोष्ट तर मुळातच कच्ची आहे, कारण कुरिअर कंपन्या सहसा रोख रक्कम स्वीकारत नाहीत. रिझर्व्ह बँकही कुणा व्यक्तीचं खातं उघडत नाही किंवा तिचे पैसे सोडवण्यासाठी शुल्क मागत नाही.

‘नाही भरलं तर अटक होईल’ यात तथ्य आहे का?

धमकीचा सगळा जोर या वाक्यावर असतो आणि कायदा इथे बराच सरळ आहे. न मागितलेलं पार्सल स्वीकारण्याची सक्ती कुणावर नाही. सीमाशुल्क कायदा, 1962 च्या कलम 23 नुसार माल सोडवण्याचा आदेश होण्याआधी त्यावरचा हक्क सोडता येतो आणि तसं केलं की शुल्काची जबाबदारी उरत नाही. मालाबाबत गुन्हा घडल्याचं दिसत असेल तर ही सवलत नाही. ठरलेल्या मुदतीत न सोडवलेल्या मालाची नोटीस देऊन विक्री करण्याची तरतूद कलम 48 मध्ये आहे. म्हणून फोनवर ‘मला पार्सल नको, परत पाठवा’ एवढं म्हणून पाहावं. खरी कुरिअर कंपनी ते लिहून घेईल. ठग मात्र चिडेल किंवा अटकेवर येईल.

पैसे गेले असतील तर?

1930 या हेल्पलाइनला तातडीनं फोन करावा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवावा. तक्रार नोंदली की ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला सूचना जाते आणि तिथे शिल्लक असलेली रक्कम गोठवली जाते. टोळी पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरवून एटीएममधून काढते. म्हणून ‘उद्या मुलाला विचारून बघू’ म्हणेपर्यंत खातं रिकामं झालेलं असू शकतं. गोठवलेली रक्कमही लगेच हातात येत नाही, त्यासाठी बहुधा न्यायालयाचा आदेश लागतो.

गुन्हा जवळच्या पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. मुंबई पोलिसांची प्रादेशिक सायबर पोलीस ठाणीही आहेत. बोरीवलीचा भाग उत्तर, अंधेरी पश्चिम, तर घाटकोपर आणि मुलुंड पूर्व विभागात येतात. चॅट, फोन क्रमांक आणि बनावट पत्रं लाजेखातर पुसून टाकू नयेत, तपासाचा सगळा भार त्यांच्यावरच असतो.

बँकेकडून भरपाई मिळण्याची आशा मात्र कमी आहे. ग्राहकाची जबाबदारी मर्यादित करणारं रिझर्व्ह बँकेचं जुलै 2017 चं परिपत्रक खातेदाराच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांसाठी होतं. इथे खातेदारानं स्वतः पिन टाकून पैसे पाठवलेले असतात. याच हताशेवर टोळीचा पुढचा फोन येतो. काही आठवड्यांनी एखादा ‘सायबर अधिकारी’ किंवा ‘वकील’ सांगतो की तुमचे पैसे सापडले आहेत, परत मिळवण्यासाठी फक्त प्रोसेसिंग फी भरायची आहे. तक्रारदाराचं नाव, नंबर आणि गेलेली नेमकी रक्कम त्याला ठाऊक असते, कारण ती घेणारी टोळीच बहुधा पुन्हा बोलत असते.