फ्लूची लस : दुसरा डोस चुकवू नका

गेल्या आठवड्यात एक आजीबाई वीस महिन्यांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. "डॉक्टर, मागल्या पावसाळ्यात याला फ्लूची सुई दिली होती. तरी ताप आलाच. मग ती सुई द्यायची तरी कशाला?" त्यांची तक्रार रास्त होती, म्हणून कागदपत्रे पाहिली. बाळ दहा महिन्यांचे असताना जुलैअखेर पहिला डोस दिलेला होता. महिन्याने यायला सांगितले होते, पण दुसरा डोस झालाच नाही. ऑगस्टमध्ये बालवाडीत जाणाऱ्या मोठ्या भावाला ताप-खोकला झाला आणि दोन दिवसांनी बाळालाही. बाळ पाच-सहा दिवसांत बरे झाले, पण लसीवरचा विश्वास मात्र गेला.

चूक लसीची नव्हती. लहान मुलाच्या शरीराची फ्लूशी ओळख झालेली नसते. पहिला डोस ही फक्त ओळख असते, पुरेशी प्रतिकारशक्ती दुसऱ्या डोसनंतर सुमारे दोन आठवड्यांनी येते. म्हणून सहा महिन्यांपासून नऊ वर्षांपर्यंतच्या मुलाला प्रथमच लस देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस द्यावे लागतात. पुढे दरवर्षी एकच पुरतो. फ्लूचे विषाणू रूप बदलतात आणि प्रतिकारशक्तीही ओसरते, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. ज्याचा आजवर एकच डोस झाला आहे, त्याला यंदा पुन्हा दोन्ही द्यावेत.

"आजारी माणसापासून बाळाला दूर ठेवले की झाले ना?" असे पालक विचारतात. ते जरूर करावे, पण तेवढ्याने भागत नाही. फ्लू झालेला माणूस ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच विषाणू पसरवतो आणि लहान मुले तर आठवडाभर किंवा जास्तही पसरवतात. भावाला ताप आहे हे कळेपर्यंत दोघे एका ताटात जेवलेले असतात. म्हणून तयारी आधीच करायची.

आपल्या महाराष्ट्रात फ्लूचा मुख्य जोर पावसाळ्यात असतो, थंडीत पुन्हा थोडा वाढतो. आजीबाईंच्या नातवासाठी आम्ही हिशोब असा मांडला : पहिला डोस ५ मे, दुसरा २ जून, त्यानंतर दोन आठवडे, म्हणजे १६ जून. शाळा उघडतात त्याच सुमारास, आणि पाऊसही तेव्हाच येतो. साडेचार वर्षांच्या भावालाही याच तारखा दिल्या, कारण घरात आजार आणतो तोच. तारीख हुकली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जेव्हा आठवेल तेव्हा दुसरा डोस घ्यावा.

ही लस सरकारी मोफत लसीकरणात मुलांना मिळत नाही, विकत घ्यावी लागते. पेटीवरचे वर्ष व मुदत पाहून घ्या. गेल्या वर्षीचा साठा चालत नाही. मेडिकलमधून स्वतः आणणार असाल तर बर्फाच्या थर्मासमधून आणा, मात्र लस बर्फाला चिकटू देऊ नका. २ ते ८ अंशांत ती टिकते, गोठली की निकामी होते.

सुईच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिने फ्लू होत नाही. सुईची जागा दुखते, एखादा दिवस कणकण येते, एवढेच. पण लस म्हणजे कवचकुंडले नव्हेत. लसीचा मेळ चांगला बसलेल्या वर्षीही साधारण निम्मे आजार टळतात. मात्र झालाच तर आजार सहसा गंभीर होत नाही. साध्या सर्दीचे विषाणू वेगळे, त्यांना ही लस अडवत नाही.

सहा महिन्यांखालील बाळाला लस देता येत नाही. त्याचे रक्षण आईने गरोदरपणी घेतलेली लस करते आणि घरातील इतरांची लसही. आईला फ्लू झाला तरी अंगावर पाजणे थांबवू नये. तोंडाला रुमाल किंवा मास्क बांधून, हात साबणाने धुऊन पाजावे. पाहुण्यांनी बाळाचे मुके घेऊ नयेत, हे सांगण्यात संकोच कशाला?

एवढे करूनही ताप आला तर घाबरू नका, बाळ शांत असताना श्वास मोजा. मिनिटाला वर्षाच्या आतील बाळाचे ५० किंवा अधिक, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास होत असतील, बरगड्यांखाली खळगा पडत असेल, बाळ पाणी-दूध घेत नसेल किंवा सुस्त पडले असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दोन महिन्यांखालील बाळाला कोणताही ताप आला तरी लगेच दाखवावे. ॲस्पिरिन कोणत्याही तापकरी मुलाला देऊ नये.

आजीबाई जाताना म्हणाल्या, "२ जून कॅलेंडरवर मांडून ठेवते." तारीख तशी भिंतीवर लिहिली गेली की सहसा चुकत नाही.