रेघ उतरते, वस्तू वळते

पुस्तकातल्या वेग-काल आलेखाचा फोटो तिरका आला असेल, तर पट्टी लावू नका. अक्षांवरचे आकडे आणि चौकटी मोजा. समजा, सरळ रेघ ६ मीटर प्रतिसेकंदापासून उतरते, ३ सेकंदांना आडवा अक्ष छेदते आणि ५ सेकंदांना उणे ४ वर पोचते. तिचा चढ म्हणजे त्वरण: ५ सेकंदांत वेग १० ने घटला, म्हणून उणे २ मीटर प्रतिसेकंद वर्ग.

अक्षावरच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ ९ मीटर, खालच्याचे ४. खालचे वजा करायचे, म्हणून विस्थापन ५ मीटर. बेरीज केली तर १३ मीटर येतात, पण ते कापलेले अंतर. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

शब्दांत सांगायचे तर वस्तू मंदावत पुढे गेली, तिसऱ्या सेकंदाला क्षणभर थांबली आणि वेग वाढवत उलट फिरली. थांबली त्या क्षणीही त्वरण उणे २ च होते.